चिकणमाती, वाळू आणि बोअर्ड पाइल: एका आकड्याचा प्रवास

कोलकात्याच्या पूर्वेकडच्या सखल भागात भराव टाकून जमीन उंच केलेली असते आणि तिथे इमारतीसाठी एक मीटर व्यासाचे बोअर्ड पाइल घ्यायचे असतात, तेव्हा बोअरलॉग बहुतेक एकाच धाटणीचा येतो. वर भराव, खाली कुजलेल्या लाकडाचे तुकडे असलेली करडी मऊ चिकणमाती, त्याखाली कंकर असलेली निळसर-करडी घट्ट चिकणमाती आणि मग गाळमिश्रित वाळू. जुन्या नदीपात्राच्या पट्ट्यात, म्हणजे आदिगंगेच्या आसपास, हा क्रम मोडतो आणि खोलवर नुसती सैल गाळवाळू सापडते. त्यामुळे शेजारच्या प्लॉटचा लॉग उसना घेऊन गणित करू नये, मग तो कितीही जवळचा असो.

इथे एक पाइल धरून तो सुरक्षितपणे किती भार पेलेल याचं गणित मांडतो. भराव २ मीटर, तोही नुकताच टाकलेला. मऊ चिकणमाती २ ते १३ मीटर, घट्ट चिकणमाती १३ ते १९ मीटर, त्याखाली ३० मीटरपर्यंत वाळू. भूजल १ मीटरवर. पाइलचा व्यास १ मीटर, कटऑफ, म्हणजे काँक्रिटचा वरचा शेवट, २ मीटरवर, तळ २५ मीटरवर, म्हणजे वाळूत ६ मीटर. मऊ मातीची अनिचरित संसक्ती २२ किलोपास्कल (व्हेन चाचणीवरून), घट्ट मातीची ८० किलोपास्कल आणि वाळूत एसपीटीचा N, म्हणजे नमुना-नळी ३० सेंटिमीटर आत जायला लागणारे हातोड्याचे ठोके, सरासरी ३०.

पहिलं काम प्रभावी उभ्या दाबाचं. भरावाचं एकक वजन १७, मऊ मातीचं १६.५, घट्ट मातीचं १९ आणि वाळूचं १९.५ किलोन्यूटन प्रति घनमीटर धरलं आणि भूजलाखाली पाण्याचे १० वजा केले, की २ मीटरवर २४, १३ मीटरवर साधारण ९६, १९ मीटरवर १५० आणि २५ मीटरवर २०७ किलोपास्कल मिळतात. हे चार आकडे कागदाच्या वरच्या कोपऱ्यात लिहून ठेवावेत, कारण पुढे प्रत्येक पायरीला ते लागतात.

आता वाळूचा φ, म्हणजे अंतर्गत घर्षणाचा कोन. इथेच सगळ्यात मोठी गफलत होते, म्हणून इथे थोडं थांबतो. लॉगमध्ये N ३० दिसतो आणि तक्त्यातून φ ३६ अंश उचलला जातो. पण तो ३० हा २२ मीटर खोलीवर, १७८ किलोपास्कल दाबाखाली मोजलेला आहे. भारतीय प्रमाणक आयएस २१३१ प्रमाणे आच्छादन दाबाची दुरुस्ती केली की गुणक ०.८१ येतो आणि N २४ होतो. वाळू बारीक, गाळमिश्रित आणि पाण्याखाली असेल आणि हा आकडा १५ पेक्षा जास्त असेल तर दुसरी दुरुस्ती: १५ च्या वरच्या भागाचा निम्मा घ्यायचा. मग उरतात २० आणि φ येतो ३३ अंश. ३६ आणि ३३ मधला हा तीन अंशांचा फरक तळाच्या आधारात जवळपास दुप्पट फरक पाडतो, कारण तळाच्या आधाराचा गुणक Nq हा φ बरोबर घातांकी वेगाने वाढतो.

याच्या उलटही घडतं. बोअरहोलमधलं पाणी किंवा बेंटोनाइट भूजलापेक्षा खाली गेलेलं असताना एसपीटी घेतली तर तळातली वाळू उसळून वर येते आणि N खोटा, कमी येतो. एका खोलीवर ३२, पुढच्या दीड मीटरवर अचानक ९ आणि मग परत ३४ असं दिसलं, तर तो सैल थर आहे असं मानण्याआधी ड्रिलरच्या नोंदीत त्या वेळची पाणीपातळी पाहावी. बेलर जोरात वर ओढल्यानेही हेच होतं. हीच उसळलेली वाळू पुढे पाइलच्या तळाशीही भेटते.

घट्ट चिकणमातीत वेगळी अडचण आहे. ३८ मिलिमीटर व्यासाच्या नमुन्यात कंकरचा एक खडा आला तरी नमुना फाटतो आणि निचरा न होऊ देता घेतलेल्या यूयू चाचणीतली ताकद कमी निघते. उलट, नमुना कोरडा पडला असेल तर ती जास्त निघते. N १५ च्या आसपास असेल तर संसक्ती N च्या पाचपट धरून साधारण ७५ ते ८० येते. प्रयोगशाळेचा सरासरी आकडा याच्या जवळपास असेल तर तो घ्यावा, नाहीतर दोघांतला खालचा.

आता आयएस २९११ भाग १ विभाग २, २०१० च्या परिशिष्टातलं सूत्र. चिकणमाती आणि वाळूची पदं वेगळी मांडून ती एकत्र करायची. Qs म्हणजे अंगाचं घर्षण, Qb तळाचा आधार, As आणि Ap ही अंगाची आणि तळाची क्षेत्रं, c संसक्ती, P प्रभावी दाब, D व्यास आणि γ मातीचं प्रभावी एकक वजन:

```
Qs (clay) = Σ α c As
Qs (sand) = Σ K P tanδ As
Qb (sand) = Ap (0.5 D γ Nγ + P Nq)
```

मऊ मातीसाठी २०१० च्या आलेखावरून α १ च्या जवळ वाचता येतो. पण जुन्या आवृत्तीच्या तक्त्यात बोअर्ड पाइलला ०.७ दिला होता आणि मी तोच घेतो, कारण बेंटोनाइटने ओल्या झालेल्या पृष्ठभागाशी तो अधिक जुळतो. पाइलचा परीघ ३.१४ मीटर, म्हणून ११ मीटर मऊ मातीचं घर्षण सुमारे ५३० किलोन्यूटन. घट्ट मातीला ०.४ घेतला, तर घर्षण ३२ किलोपास्कल आणि ६ मीटरला ६०० किलोन्यूटन. इथे α चा अर्थ ध्यानात ठेवला तर पुढची चर्चा सोपी जाते. मातीची जी ताकद प्रयोगशाळेत मोजली, त्यातली किती ताकद बोअर करून, भिंतीला पाणी पाजून, काँक्रिट ओतल्यावर उरते, याचं ते प्रमाण आहे. बोअर रात्रभर उघडा राहिला तर घट्ट मातीची भिंत ताण सुटल्याने फुगते, पाणी ओढते आणि मऊ पडते. म्हणून ०.४ हा आकडा एका दिवसात खोदून भरलेल्या पाइलचा आहे. दोन दिवस उघड्या राहिलेल्या बोअरला तो लागू होत नाही.

वाळूत बाजूच्या दाबाचा गुणक K किती घ्यायचा? प्रमाणकात φ ३० ते ४० साठी बोअर्ड पाइलला १ ते १.५ आहे आणि पाइल आणि वाळूमधल्या घर्षणाचा कोन δ हा φ इतकाच घेता येतो. मी १ च्या वर जात नाही. खोदताना वाळूवरचा बाजूचा दाब सुटतो आणि ओल्या काँक्रिटचा दाब तो पूर्णपणे परत देत नाही. प्रभावी दाबावर क्रांतिक खोलीची मर्यादाही आहे: φ ३० पर्यंत व्यासाच्या १५ पट, ४० ला २० पट. ३३ अंशांना १६.५ पट, म्हणजे १ मीटरच्या पाइलला १६.५ मीटर. तिथला प्रभावी दाब १२७ किलोपास्कल, त्याखाली तो वाढत नाही असं धरायचं. ही कल्पना जुन्या चाचण्यांतल्या पाइलमध्ये अडकून राहिलेल्या अवशिष्ट बलांचा परिणाम आहे, मातीचा गुणधर्म नाही, असं बेंट फेलेनियस यांच्यासह अनेकांनी मांडलं आहे आणि मला ते पटतं. तरीही प्रमाणकाचं Nq वापरत असाल तर मर्यादाही वापरा, कारण तीच जास्तीच्या आकड्याला लगाम घालते. एक घेऊन दुसरी सोडायची नाही.

मर्यादा घेतली तर वाळूतलं घर्षण १२७ गुणिले tan ३३, म्हणजे ८२ किलोपास्कल आणि ६ मीटरला १५५० किलोन्यूटन. मर्यादा सोडली तर २१८० येतात. अमेरिकेच्या महामार्ग प्रशासनाच्या १९९९ च्या पुस्तिकेतली ओनील-रीस पद्धत वेगळी आहे. तिथे φ चा प्रश्नच नाही; घर्षण म्हणजे β गुणिले प्रभावी दाब आणि β = 1.5 − 0.245√z. मध्यबिंदू २२ मीटर, तर β ०.३५, घर्षण ६२ किलोपास्कल आणि एकूण ११८०. एकाच वाळूला ११८०, १५५० आणि २१८० असे तीन आकडे. यातला सर्वांत खालचा आकडा बोअर्ड पाइलच्या प्रत्यक्ष चाचण्यांवर बांधलेला आहे, म्हणून अंतिम निर्णयात मी त्याला झुकतं माप देतो.

तळाच्या आधाराचा फरक याहून मोठा आहे. ३३ अंशांना बोअर्ड पाइलचं Nq आलेखावरून ३३ च्या आसपास वाचलं आणि Nγ ३५ घेतला. १२७ गुणिले ३३ म्हणजे ४१९० आणि Nγ च्या पदाचे १६६ मिळून ४३६० किलोपास्कल. तळाचं क्षेत्र ०.७८५ चौरस मीटर, म्हणून ३४२० किलोन्यूटन. ओनील-रीस पद्धतीत तळाचा दाब ५७.५ गुणिले N. त्यात ऊर्जेच्या ६० टक्क्यांवर आणलेला पण आच्छादन दाबासाठी न दुरुस्त केलेला N लागतो, म्हणजे लॉगमधल्या N ला फक्त हातोड्याच्या कार्यक्षमतेची दुरुस्ती. तो ३० धरला तर १७२५ किलोपास्कल आणि १३५५ किलोन्यूटन. ३४२० विरुद्ध १३५५.

हा विरोध वाटतो, पण तो खचण्याच्या व्याख्येचा आहे. Nq चा आकडा वाळूत पूर्ण कातर यंत्रणा तयार होईल तेव्हाचा आहे आणि एक मीटरच्या बोअर्ड पाइलला तिथवर पोहोचायला दहा सेंटिमीटर किंवा त्याहून जास्त खचावं लागतं. ५७.५ N हा व्यासाच्या ५ टक्के, म्हणजे ५० मिलिमीटर खचल्यावरचा आकडा आहे. इमारतीला यातलं काहीच परवडत नाही. बाजूचं घर्षण मात्र ५ ते १० मिलिमीटर खचल्यावर जवळपास पूर्ण जागं होतं. म्हणून सेवाभाराखाली बोअर्ड पाइल मुख्यतः अंगावरच उभा असतो. तळाला जेमतेम सुरुवात झालेली असते.

सूत्राची बेरीज अशी: ५३० + ६०० + १५५० + ३४२० = ६१०० किलोन्यूटन. सुरक्षा गुणक २.५, म्हणजे सुमारे २४४० किलोन्यूटन. साइटवरच्या भाषेत २४४ टन. बऱ्याच अहवालांत गणित इथेच थांबतं. पुढच्या दोन पायऱ्या त्यात नसतात, म्हणून त्या सविस्तर सांगतो.

पहिली पायरी भरावाची. नुकताच टाकलेला २ मीटर भराव मऊ मातीवर नवा दाब आणतो, माती वर्षानुवर्षं दबत जाते आणि पाइलपेक्षा जास्त खाली सरकते. मग मऊ मातीचं घर्षण पाइलला वर धरत नाही, खाली ओढतं. ओढीचा अंदाज प्रभावी दाबावरून घ्यावा. मऊ थरातला सरासरी प्रभावी दाब, भरावाखालची माती पूर्ण दबल्यानंतरचा, ६० किलोपास्कल. त्याचा चौथा हिस्सा १५ किलोपास्कल आणि ११ मीटरला ५२० किलोन्यूटन. म्हणजे जे ५३० जमेत धरले होते ते जमेतून जातात आणि जवळपास तेवढेच खर्चात येतात. सूत्र तेच ठेवून हिशोब केला तर ५५७० भागिले २.५ म्हणजे २२३०, वजा ५२०, उरतात १७१०.

या वजाबाकीवर एक वाजवी आक्षेप आहे. पाइल खरोखर ढासळायला लागला तर तो मातीपेक्षा वेगाने खाली जातो, ओढ उलटते आणि मऊ माती पुन्हा वर धरते. म्हणून ओढ ही अंतिम धारणशक्ती कमी करत नाही; ती खचण्याचा आणि पाइलच्या काँक्रिटवरच्या ताणाचा प्रश्न आहे. तर्क बरोबर आहे. तरीही खचणं मोजायची साधनं नसताना सेवाभारातून ओढ वजा करणं हा इथे खचण्यावर ताबा ठेवायचा सोपा आणि सुरक्षित मार्ग आहे. पाइल आणि माती सारखंच खचतात ते तटस्थ प्रतल नेमकं शोधून खचण्याचं गणित करणार असाल तर ही वजाबाकी सोडता येते, पण ते गणित खरंच करावं लागेल.

दुसरी पायरी खचण्याशी जुळवण्याची. पाइलवर प्रत्यक्ष भार टाकून घ्यायच्या चाचणीसाठी आयएस २९११ भाग ४, २०१३ मध्ये ६०० मिलिमीटरपेक्षा मोठ्या पाइलला सुरक्षित भार म्हणजे १८ मिलिमीटर किंवा व्यासाच्या २ टक्के, जे कमी त्या खचण्याच्या भाराचा दोन तृतीयांश. किंवा व्यासाच्या १० टक्के खचण्याच्या भाराचा निम्मा, यांतला कमी तो. आपल्या पाइलला पहिला निकष १८ मिलिमीटरचा. तेवढ्या खचण्यावर किती भार येईल याचा अंदाज आधीच घेता येतो. अंगाचं घर्षण पूर्ण जागं: ५३० + ६०० + ११८०. तळाचा साधारण निम्मा: १३५५ चे ६८०. बेरीज ३००० च्या आसपास, त्याचे दोन तृतीयांश २०००. म्हणजे चाचणी चांगली झाली तरी २४४० निघणार नाहीत, याची कल्पना पाइल खोदण्याआधीच असते.

आता या चाचणीचं खरं वाचन. भराव टाकल्यावर काही आठवड्यांत चाचणी घेतली तर मऊ मातीचं दबणं नुकतं सुरू झालेलं असतं आणि चाचणीच्या थोड्या वेळात पाइल मातीपेक्षा जास्त खाली जातो. म्हणून चाचणीत मऊ माती पाइलला वर धरते. ते ५३० चाचणीच्या आकड्यात आहेत, पण इमारतीच्या आयुष्यात नाहीत. म्हणून १८ मिलिमीटरच्या भारातून आधी ते ५३० काढायचे, २४६० चे दोन तृतीयांश १६४० घ्यायचे आणि मग ओढीचे ५२० वजा करायचे. उरतात ११२० किलोन्यूटन. २४४० पासून ११२० पर्यंतच्या घसरणीत ना बोअरलॉग बदलला, ना पाइलची लांबी.

स्तंभाला १४५० किलोन्यूटन लागत असतील तर काय? व्यास वाढवण्याआधी खोली पाहावी. तळ २५ वरून २८ मीटरवर नेला तर वाळूत ३ मीटर वाढतात. २६.५ मीटरवर β ०.२४ येतो, पण पद्धतीची खालची सीमा ०.२५ आहे म्हणून तीच धरायची. घर्षण ५५ किलोपास्कल, म्हणजे ५२० किलोन्यूटनची भर. त्याचे दोन तृतीयांश ३४५ आणि एकूण साधारण १४७०. भागतं. त्यासाठी वाळू ३० मीटरच्या पुढे किती जाते याची खात्री हवी. तळाखाली व्यासाच्या निदान दोन-तीन पटींत दुसरी मऊ चिकणमाती असेल तर तळाचा हिशोबच बदलतो. आपला लॉग ३० मीटरवर संपतो आणि तळ २८ वर आला, म्हणून एक तरी बोअर ३५ मीटरपर्यंत न्यायचा आग्रह धरावा.

दुसरा मार्ग ओढ कमी करण्याचा आहे. १३ मीटरपर्यंत कायमचा पोलादी लायनर घालून त्याला बाहेरून बिटुमेनचा थर दिला तर ओढ बरीच कमी होते. पण लायनर बसवताना बिटुमेन खरवडला गेला तर फायदा तिथेच संपतो, आणि चाचणीच्या पाइलला तोच लायनर नसेल तर चाचणी दुसऱ्याच पाइलची ठरते. चाचणीच्या पाइलमध्ये १३ आणि १९ मीटरवर स्ट्रेन गेज बसवून घेणं हा खर्चाच्या मानाने सर्वांत उपयोगी उपाय. मग मऊ मातीचा वाटा, घट्ट मातीचा वाटा आणि वाळू व तळ मिळून किती, हे वेगवेगळं वाचता येतं आणि ०.७ की १ यावर वाद घालावा लागत नाही.

हे सगळे आकडे तळ स्वच्छ असल्याच्या गृहीतकावर आहेत. वाळूत बोअर पूर्ण झाल्यावर सळ्यांचा पिंजरा उतरवायला आणि काँक्रिट तळापासून ओतायची ट्रेमी नळी जोडायला वेळ जातो आणि त्या वेळात बेंटोनाइटमधली वाळू तळाशी बसते. दहा सेंटिमीटर गाळ बसला तर तळाचा आधार त्या गाळाच्या दबण्यावर अवलंबून राहतो आणि १८ मिलिमीटरला धरलेले ६८० किलोन्यूटन मिळत नाहीत. म्हणून काँक्रिटच्या लगेच आधी तळातून नमुना घ्यावा. ५ टक्के बेंटोनाइटचं ताजं मिश्रण १.०३ घनतेचं असतं. तळाच्या नमुन्यात ती १.१ च्या पुढे गेली किंवा वाळूचं प्रमाण ४ टक्क्यांच्या वर गेलं तर परत फ्लशिंग करावं. वजनी दोरीने खोली दोनदा मोजावी, बोअर संपल्यावर आणि ट्रेमी बसवल्यावर. दोन मापांतला फरक म्हणजे बसलेला गाळ.

काँक्रिटचं प्रमाणही बोलतं. २५ मीटरवर तळ असलेल्या पाइलला कटऑफपर्यंत १८ घनमीटर लागतात. थोडं जास्त लागणं नेहमीचं आहे. प्रत्येक ट्रकनंतर काँक्रिटची पातळी मोजून आलेख काढला तर कुठे जास्त गेलं ते कळतं. मऊ मातीच्या पट्ट्यात जास्त गेलं तर भिंत ढासळून पोकळी भरली असावी. त्याने धारणशक्ती फार कमी होत नाही, पण ओढीला जास्त पृष्ठभाग मिळतो. वाळूच्या पट्ट्यात हिशोबापेक्षा कमी गेलं तर मात्र तिथे वाळू आत आली आहे, पाइल बारीक झाला आहे आणि ११८० चा आकडा त्या पाइलला लावू नये. अशा पाइलचा प्रश्न आधी पाइल अखंड आहे का हे पाहणाऱ्या इंटेग्रिटी चाचणीकडे न्यावा आणि त्यानंतरच भाराचं बोलावं.